यादीत नाव सापडलं, तरी पैसे गेले : एका कर्ज-प्रकरणाचा अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी छोट्या व्यावसायिकांच्या कर्जाच्या फायली तयार करून देतो. त्याआधी बरीच वर्षं बँकेत नोकरी केली. हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं आहे. त्यांचं नाव, गावाचा तपशील आणि पत्रावरच्या कंपनीचं नाव गाळलं आहे. इथे त्यांना सुनंदाताई म्हणू. नोंदणी तपासली नाही म्हणून फसवणूक झाली, अशी प्रकरणं पुष्कळ ऐकायला मिळतात. इथे नोंदणी तपासली होती, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन तपासली होती, आणि नाव सापडलंही होतं. त्यामुळेच ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

सुनंदाताई मसाले करून विकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरचीची आवक वाढते, तेव्हा वर्षभराची मिरची घेऊन ठेवायची आणि उन्हाळाभर कांडप चालवायचं, असा त्यांचा धंदा. जुनं कांडप यंत्र सारखं बंद पडायचं. नव्या यंत्राला १,८०,००० रुपये आणि मिरचीला साधारण ३ लाख, म्हणजे जवळपास ५ लाखांची गरज होती.

त्या आधी बँकेत गेल्या होत्या. धंदा बरा होता, पण दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला त्या सहकर्जदार होत्या आणि त्याचे हप्ते थकले होते. सिबिल खराब. बँकेने नकार दिला नाही, 'थकबाकी भरून या, मग बघू' म्हणाले. हंगाम डोक्यावर आलेल्या माणसाला हा नकारच असतो.

त्याच आठवड्यात फेसबुकवर जाहिरात दिसली : महिला उद्योजकांना ९ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, सिबिलची अट नाही. नंबर दिला, दहा मिनिटांत फोन आला. बोलणारा मुलगा मराठीच होता, 'ताई' म्हणूनच बोलायचा. आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि सही केलेल्या दोन कोऱ्या धनादेशांचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले. दुसऱ्या दिवशी मंजुरीपत्र आलं. पत्रावर शिक्का, गोल मोहोर, कंपनीचा सीआयएन म्हणजे कंपनी ओळख क्रमांक, जीएसटी क्रमांक, आणि सोबत रिझर्व्ह बँकेच्या नोंदणी प्रमाणपत्राची रंगीत प्रत.

पहिला निर्णय : पुतण्याने केलेली तपासणी

सुनंदाताईंनी घाई केली नाही, हे नोंदवायला हवं. पुतण्या बी.कॉम.ला आहे, त्याला त्यांनी सांगितलं, 'ही कंपनी खरी आहे का बघ.' त्याने rbi.org.in वरून नोंदणीकृत बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांची, म्हणजे एनबीएफसींची यादी उतरवून घेतली. ती एक्सेलमध्ये येते आणि तिच्यात हजारो नावं असतात. त्याने पत्रावरच्या नावातले पहिले दोन शब्द शोधात टाकले. ओळ सापडली. त्याने ओळीचा फोटो काकूंना पाठवला : 'काकू, आरबीआयच्या यादीत आहे.'

मग त्याने कंपनी कामकाज मंत्रालयाच्या mca.gov.in वर जाऊन पत्रावरचा सीआयएन टाकला. तिथेही कंपनी निघाली, स्थिती 'सक्रिय'. दोन सरकारी ठिकाणी दोनदा होकार मिळाला. 'फाईल चार्ज' म्हणून मागितलेले ४,९५० रुपये त्या रात्री यूपीआयने गेले.

आठ दिवसांनी कर्जाच्या विम्याचा हप्ता म्हणून १८,६०० मागितले. ते कर्जासोबत परत मिळणार होते. तेही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी मागणी आली, २७,५०० रुपये, 'जीएसटी आणि आरबीआयची एनओसी', दुपारी चारच्या आत, नाहीतर फाईल बंद. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

अडचण नेमकी काय होती

त्या सल्ला विचारायला आल्या नव्हत्या. २७,५०० मधले दहा हजार कमी पडत होते, ते उसने मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, 'भाऊ, एवढे घातलेत, आता थोडक्यासाठी कशाला अडवायचं?'

माझ्यासमोर प्रश्न असा होता, की 'ही फसवणूक आहे' असं नुसतं सांगून भागणार नव्हतं. त्यांच्याकडे यादीतल्या ओळीचा फोटो होता. माझा अंदाज आणि त्यांचा पुरावा, यात त्या पुराव्यावरच विश्वास ठेवणार होत्या, आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे त्यांना शेजारी बसवून तोच पुरावा पुन्हा वाचायचं ठरवलं.

पुरावा पुन्हा वाचला तेव्हा

पुतण्याला लॅपटॉपसकट बोलावलं. यादीतली ओळ आणि पत्र शेजारी-शेजारी ठेवलं.

पहिले दोन शब्द सारखेच होते. पण यादीतल्या कंपनीचं नाव '… लिमिटेड' असं संपत होतं आणि पत्रावरचं '… फिनसर्व्ह प्रायव्हेट लिमिटेड' असं. पुतण्या म्हणाला, 'एकाच ग्रुपच्या असतील.' असतीलही. पण नोंदणी ग्रुपला मिळत नाही, एका कंपनीला मिळते. रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम ४५-आयए प्रमाणे जी कंपनी हा व्यवसाय करते तिच्याच नावाने प्रमाणपत्र लागतं. बहीण कंपनीचं चालत नाही.

मग सीआयएन. हा २१ अक्षरांचा क्रमांक असतो आणि तो वाचता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिलं अक्षर L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, U म्हणजे न नोंदलेली. पुढचे पाच अंक व्यवसायाचे. मग राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार, आणि शेवटचे सहा अंक नोंदणीचे. रिझर्व्ह बँकेच्या यादीतही प्रत्येक कंपनीपुढे सीआयएन दिलेला असतो. दोन्ही एकाखाली एक लिहिले (ओळख पटू नये म्हणून अंक झाकले आहेत) :

```
L65xxxWB1994PLCxxxxxx   (यादीत)
U65xxxMH2021PTCxxxxxx   (पत्रावर)
```

यादीतली कंपनी पश्चिम बंगालमधली, १९९४ ची, पब्लिक लिमिटेड. पत्रावरची महाराष्ट्रातली, २०२१ ची, प्रायव्हेट लिमिटेड. सोबत आलेल्या प्रमाणपत्रावर तारीख होती १९९८ ची. जी कंपनी २०२१ मध्ये जन्मली तिला १९९८ मध्ये प्रमाणपत्र कसं मिळेल? हे वाचल्यावर सुनंदाताई पहिल्यांदा गप्प झाल्या.

प्रमाणपत्रातही एक खूण होती. नोंदणी क्रमांकात टिंबाच्या आधीचे दोन अंक रिझर्व्ह बँकेच्या कोणत्या कार्यालयाने नोंदणी दिली ते सांगतात. मुंबईसाठी १३, कोलकात्यासाठी ०५. मंजुरीपत्रात 'आरबीआय मुंबई मान्यताप्राप्त' असं ठळक छापलं होतं आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक B-05 ने सुरू होत होता. म्हणजे प्रत बहुधा खऱ्याच प्रमाणपत्राची होती. फक्त दुसऱ्याच्या प्रमाणपत्राची, आणि नावाची ओळ तेवढी बदललेली. नीट बघितलं तर त्या ओळीची अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित गडद होती.

आता पुतण्याचा दुसरा होकार, मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचा. तो खोटा नव्हता. २०२१ ची कंपनी खरोखर अस्तित्वात होती. पण कंपनी म्हणून नोंद होणं आणि कर्जाचा धंदा करायला परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मराठीची इथे थोडी पंचाईत होते : दोन्हीला आपण 'नोंदणी'च म्हणतो. उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी, गुमास्ता, कंपनीची नोंदणी, सगळं एकाच शब्दात बसतं. त्यामुळे 'आमची कंपनी रजिस्टर्ड आहे' हे वाक्य खरं असूनही काहीच सांगत नाही. कुठे रजिस्टर्ड, कशासाठी रजिस्टर्ड, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

तासाभरात समोर असलेले पर्याय

सव्वादोन वाजले होते. तिसरे पैसे भरणं आता सुनंदाताईंच्याही मनातून गेलं होतं, पण पूर्ण नव्हे. शंका उरली होती : कोलकात्याच्या कंपनीनेच इकडे नवी शाखा म्हणून ही कंपनी काढली असेल तर? अशी शंका हसण्यावारी नेऊ नये. खऱ्या कंपन्यांची नावं बदलतात, विलीनीकरण होतं, आणि यादी ठरावीक काळाने अद्ययावत होते.

तिचं उत्तर कागदात नव्हतं, ते फक्त कोलकात्याची कंपनीच देऊ शकत होती. पण तिचा पत्ता पत्रावरून घ्यायचा नव्हता. पत्रावरचा फोन लावला तर तोच मुलगा उचलणार. यादीत कंपनीचा पत्ता आणि ईमेल असतो. त्या ईमेलवर मंजुरीपत्राची प्रत जोडून चार ओळींचा मेल पाठवला : हे पत्र आपलं आहे का, आपण महाराष्ट्रात असं कर्ज देता का, या नावाची आपली उपकंपनी आहे का.

तोवर दुसरी एक गोष्ट तपासली. दोन्ही रकमा कुठे गेल्या होत्या? यूपीआयच्या पावतीत पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. दोन्ही वेळा वेगवेगळ्या व्यक्तींची नावं होती, कंपनीचं नाव एकदाही नव्हतं. इथे एक बारकावा सांगतो, कारण 'आधी पैसे मागितले की फसवणूक' असा सोपा नियम पुष्कळदा सांगितला जातो. तो पूर्ण खरा नाही. काही नोंदणीकृत कंपन्याही अर्जासोबत लॉगिन फी घेतात. पण ती कंपनीच्या नावाच्या खात्यात जाते, पावती मिळते, आणि कर्जाच्या मुख्य तथ्य विवरणपत्रात तिचा उल्लेख असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या किरकोळ कर्जांना आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना हे विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर सगळे खर्च धरून लिहावा लागतो, आणि त्यात न लिहिलेलं शुल्क नंतर कर्जदाराच्या संमतीशिवाय लावता येत नाही. सुनंदाताईंना असा कागदच मिळाला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या एनओसीबद्दल तर बोलायलाच नको. कोणाच्या वैयक्तिक कर्जाला रिझर्व्ह बँक एनओसी देत नाही.

केलेली कारवाई, आणि माझी चूक

साडेतीन वाजता १९३० वर फोन लावला. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर हीच हेल्पलाइन, आणि तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, रकमा आणि वेळा दिल्या.

हा फोन मी अकरा वाजता, त्या दारात आल्या तेव्हाच लावायला हवा होता. १८,६०० रुपये आदल्याच संध्याकाळी गेले होते. अशा पैशांना पाय असतात, ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात, आणि वाटेत सापडले तरच थांबवता येतात. मी मात्र आधी चार-साडेचार तास शहानिशा करत बसलो. मनात असं होतं, की खरी कंपनी निघाली तर उगाच तक्रार कशाला. आज वाटतं, खाजगी माणसाच्या खात्यात 'विमा हप्ता' गेला आहे एवढं कळणं तक्रारीला पुरेसं होतं. सीआयएन संध्याकाळी वाचला असता तरी चाललं असतं.

१८,६०० पैकी ६,२०० रुपये एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे पुढे गेले होते. ४,९५० तर आठ-नऊ दिवसांपूर्वीचे, त्यांचा मागमूस नव्हता.

पुतण्याने दरम्यान स्वतःहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर तक्रार टाकली होती. ती काही दिवसांनी बंद झाली. हे होणारच होतं. लोकपाल रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो, आणि ही कंपनी नियंत्रणाखाली नव्हती हीच तर तक्रार होती. बिनपरवाना संस्थेबद्दल कळवायचं ठिकाण sachet.rbi.org.in. तिथे आम्ही पत्र, प्रमाणपत्राची प्रत आणि जाहिरातीचे फोटो टाकले. त्यातून पैसे परत मिळत नाहीत. माहिती संबंधित यंत्रणेकडे जाते, एवढंच. सुनंदाताईंना हे आधीच सांगितलं, नाहीतर त्या रोज विचारत बसल्या असत्या.

पैशाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम होतं. आधार, पॅन आणि सही केलेल्या धनादेशांचे फोटो त्या लोकांकडे होते. त्याच दिवशी बँकेत जाऊन त्या दोन धनादेशांचं पेमेंट थांबवायला अर्ज दिला. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद केलं. महिन्याभराने त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यांच्या नावावर कोणी भलतं कर्ज काढलेलं नाही, हे पाहायचं होतं. नव्हतं. दिराच्या ट्रॅक्टरची थकबाकी मात्र ठळक होती.

कोलकात्याचं उत्तर

दोन दिवसांनी मेल आला. कंपनीने लिहिलं होतं, की आम्ही लोकांना किरकोळ कर्ज देतच नाही, महाराष्ट्रात आमचं कार्यालय नाही, त्या नावाची उपकंपनी नाही, आणि आमच्या नावाचा असा वापर झाल्याच्या तक्रारी आधीही आल्या आहेत.

यातून एक गोष्ट लक्षात येते. यादीत अशा पुष्कळ छोट्या, जुन्या कंपन्या आहेत ज्या फक्त गुंतवणूक करतात किंवा फार मर्यादित व्यवहार करतात. त्यांची जाहिरात नसते, कॉल सेंटर नसतं, कित्येकदा धड संकेतस्थळही नसतं. फसवणाऱ्याला असंच नाव सोयीचं. मोठ्या नावाजलेल्या कंपनीचं नाव वापरलं तर गिऱ्हाईक जवळच्या शाखेत जाऊन विचारेल. कोलकात्याच्या गल्लीतल्या कार्यालयात सातारा जिल्ह्यातून कोण जाणार?

पुढे कर्ज कसं मिळालं

हंगाम थांबत नव्हता. बाजारपेठेतल्या एकाने महिना ३ टक्क्यांनी देऊ केले. सहकार खात्याचा सावकारी परवाना दाखवा म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

सुनंदाताई गावातल्या एका पतसंस्थेच्या सभासद होत्या. तिथून दीड लाख मिळण्यासारखे होते. तेव्हा पुतण्याने, आता चांगलाच सावध झालेला, पुन्हा रिझर्व्ह बँकेची यादी उघडली आणि घाबरून फोन केला : 'काका, पतसंस्था यादीत नाही!'

नसणारच. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते, तिची नोंदणी सहकार निबंधकाकडे. निधी कंपनी कंपनी कायद्याखाली चालते. चिट फंड राज्याच्या निबंधकाकडे, परवानाधारक सावकार सहकार खात्याकडे. यांच्यापैकी कोणीही एनबीएफसींच्या यादीत नसतं, म्हणून ते बेकायदेशीर ठरत नाहीत. फक्त यांच्यापैकी कोणी 'आरबीआय मान्यताप्राप्त' असं लिहून बसलं असेल तर त्याला जाब विचारावा. आम्ही सहायक निबंधक कार्यालयात पतसंस्थेचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षणाचा वर्ग विचारला. ठीक होता. दीड लाखात अर्धी मिरची घेतली, यंत्र पुढच्या वर्षावर ढकललं आणि कांडप शेजारच्या गावातून भाड्याने करून आणलं. नफा कमी झाला. त्याच काळात दिराला बसवून ट्रॅक्टरच्या थकबाकीचं वेळापत्रक ठरवलं, कारण खरा अडसर तो होता.

आज हेच प्रकरण आलं तर काय वेगळं करीन

पुतण्याला मी दोष देत नाही. त्याने नव्वद टक्के लोक करत नाहीत ते केलं. त्याचा शोध एका पायरीवर थांबला, एवढंच. 'या नावाची कंपनी आहे का' हा प्रश्न त्याने विचारला. 'माझ्याशी बोलणारा माणूस त्या कंपनीचाच आहे का' हा राहून गेला. म्हणून आता माझ्याकडे कोणी मंजुरीपत्र घेऊन आलं, की मी नावाने शोधतच नाही. पत्रावरचा पूर्ण सीआयएन यादीत टाकतो. सापडला नाही, तर उत्तर मिळालं. सापडला, तर नोंदणी रद्द झालेल्या कंपन्यांची वेगळी यादी रिझर्व्ह बँक देते तीही पाहतो. मग यादीतल्याच ईमेलवर किंवा पत्त्यावर विचारतो, कारण फसवणारा आता खऱ्या कंपनीचा खरा सीआयएनही छापू शकतो. सुनंदाताईंच्या पत्रावर तसा असता, तर अक्षरं जुळवून काहीच हाती लागलं नसतं. मेलच्या उत्तराची वाट पाहणं हाच एक मार्ग उरला असता.

अॅपवरून कर्ज असेल तर अॅपच्या मागे कोणती बँक किंवा एनबीएफसी आहे ते आधी विचारतो. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अॅपची सूची आहे. पण तिचीही मर्यादा तीच : त्यातली माहिती बँका आणि कंपन्या स्वतः भरतात, अॅप चांगलं असल्याची हमी रिझर्व्ह बँक देत नाही.

गोठवलेले ६,२०० रुपये अजून सुनंदाताईंच्या खात्यात आलेले नाहीत. ते सोडवण्यासाठीचा अर्ज दिलेला आहे. 'फिनसर्व्ह'च्या त्या मुलाचा नंबर बंद झाला. पण मागच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या नंबरवरून फोन आला : तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त १,५०० रुपये फी. त्यांनी त्याला सीआयएन विचारला. फोन कट झाला.